तीन महिन्यांच्या रुग्णालयवासाची इंटर्व्हल समरी : काटोलच्या डॉक्टरांसाठी नेमके काय लिहावे?

निवासी_नागपूर

नमस्कार. मी नागपुरातील एका खासगी रुग्णालयात मेडिसिन विभागात दुसऱ्या वर्षाचा निवासी डॉक्टर आहे. आमच्या वॉर्डातील एक रुग्ण जवळजवळ तीन महिन्यांनी घरी जाणार आहे आणि त्याची पुढची सगळी देखरेख काटोलचे एक डॉक्टर करणार आहेत. त्यांच्यासाठी इंटर्व्हल समरी, म्हणजे या तीन महिन्यांच्या काळाचा सारांश, लिहिण्याचे काम माझ्याकडे आहे. रुग्णाची ओळख पटू नये म्हणून काही तपशील मी बदलले आहेत आणि तारखांऐवजी दाखल झाल्यापासूनच्या दिवसांचे क्रमांक देत आहे.

रुग्ण ५४ वर्षांचे संत्रा बागायतदार आहेत. आठवडाभर आधी जुलाब झाले होते, मग पायांतली शक्ती जाऊ लागली आणि दोन दिवसांत उभे राहता येईना. निदान जीबीएस, म्हणजे गिलेन-बारे सिंड्रोम, ज्यात शरीराची प्रतिकारशक्तीच मज्जातंतूंवर उलटते. २०२५ च्या सुरुवातीला पुण्यात याच आजाराची साथ आली होती. दुसऱ्या ते सहाव्या दिवसापर्यंत रोज २५ ग्रॅम याप्रमाणे इम्युनोग्लोब्युलिन दिले. तेव्हा वजन ६२ किलो होते. चौथ्या दिवशी श्वास अपुरा पडू लागला म्हणून तोंडातून नळी टाकून व्हेंटिलेटरवर घेतले, पंधराव्या दिवशी ट्रॅकिओस्टॉमी करून गळ्यातून श्वासनलिकेत नळी बसवली, एकसष्टाव्या दिवशी व्हेंटिलेटर सुटला आणि ऐंशीव्या दिवशी गळ्यातली नळी काढली. मधल्या काळात रक्तदाब आणि नाडी यांचे भयंकर चढउतार झाले, फुप्फुसात जंतुसंसर्ग झाला, त्यावरच्या कोलिस्टिन या प्रतिजैविकाने मूत्रपिंडांना त्रास झाला, अडतिसाव्या दिवशी डाव्या पायाच्या खोल शिरेत रक्ताची गुठळी सापडली आणि माकडहाडावर शय्याव्रण झाला. आता ते स्वतः श्वास घेतात, मऊ अन्न गिळतात, आधाराने बसतात. ब्याण्णवाव्या दिवशी घरी जातील.

मी सारांश दिवसवार लिहायला घेतला आणि सहा पाने झाली. आमचे सर म्हणाले की दोन पानांच्या वर गेलेला कागद काटोलला कोणी वाचणार नाही. मला कात्री कुठे लावायची तेच कळत नाही, कारण यातले जे वगळावे तेच उद्या महत्त्वाचे ठरेल अशी भीती वाटते. ज्यांनी असे सारांश लिहिले आहेत किंवा ज्यांना असे कागद मिळतात त्यांनी कृपया मार्गदर्शन करावे.

नरखेड_दवाखाना

डॉक्टर, मी घेणाऱ्या बाजूचा माणूस आहे. पूर्वी मेडिकल कॉलेजमध्ये मेडिसिनच्या वॉर्डात काम केले आणि त्यानंतर तीस वर्षे तालुक्याच्या गावी दवाखाना चालवतो आहे, त्यामुळे असे कागद माझ्या टेबलावर नेहमी येतात. तुमच्या सरांचे म्हणणे खरे आहे, पण दोन पाने हा मुद्दा नाही. मुद्दा असा आहे की तुमचा कागद घडलेल्या गोष्टी सांगतो आणि काटोलच्या डॉक्टरांना पुढे घडणाऱ्या गोष्टींसाठी तो हवा आहे. दिवसवार लिहिले की समजा तेविसाव्या दिवशीच्या किरकोळ तापाला जेवढी जागा मिळते तेवढीच अडतिसाव्या दिवशीच्या गुठळीला मिळते, आणि वाचणाऱ्याला ताप आणि गुठळी सारख्याच वजनाच्या वाटू लागतात.

सगळ्यात वर रुग्ण घरी जाताना कसा आहे ते लिहा, आणि ते अशा मापांत लिहा की मला माझ्या दवाखान्यात, कोणत्याही यंत्राशिवाय, तेच माप पुन्हा घेता येईल. ‘प्रकृती सुधारली, श्वसन समाधानकारक’ या वाक्याने मला काहीच कळत नाही. त्याऐवजी एक दीर्घ श्वास घेऊन रुग्ण किती अंक मोजतो ते लिहा. निरोगी माणूस एका श्वासात सहज चाळीसपर्यंत जातो. तुमचा रुग्ण आज समजा चोविसापर्यंत जात असेल, तर तो चोविसाचा आकडा माझ्यासाठी छातीच्या एक्स-रेपेक्षा मोलाचा आहे, कारण तीन आठवड्यांनी तो अठरावर थांबला तर काही बिघडते आहे हे मला घरच्या खाटेपाशी बसून कळेल. हातापायांच्या शक्तीचेही तसेच. खांदा, मनगट, मांडी, घोटा यांची शक्ती पाचपैकी किती हे उजवे-डावे वेगळे लिहा. जीबीएसच्या थोड्या रुग्णांमध्ये हा आजार पुढे जुनाट रूप घेतो. सुरुवातीपासून आठ आठवडे उलटल्यावर शक्ती नव्याने कमी होऊ लागली तर तोच संशय घेऊन न्यूरोलॉजीकडे पाठवावे लागते, आणि ती कमी झाली हे ओळखायला आधीचा आकडा हवा.

दुसरे, या धाग्यावर दिवसांचे क्रमांक ठीक आहेत. कागदावर मात्र तारखा लिहा. अडतिसावा दिवस कोणता हे मी मोजत बसणार नाही, आणि मोजले तर चुकेन.

तिसरे आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे औषधे. आत्ता चार्टवर जी औषधे आहेत त्यांची यादी इथे लिहा, आणि प्रत्येकापुढे ते केव्हा आणि कशासाठी सुरू झाले हे चार्ट मागे उलटून शोधून लिहा. आठवणीने लिहू नका. मग पुढचे बोलू.

महाल_रहिवासी

यात एवढा विचार कशासाठी करायचा ते समजले नाही. माझ्या मेव्हण्यांच्या मेडिक्लेमच्या वेळी कंपनीने इंटर्व्हल समरी मागितली होती आणि ती दोन पानांची होती म्हणून दावा अडकला. कंपनीला सगळे तपासण्यांचे अहवाल, प्रत्येक दिवसाचे व्हेंटिलेटरचे तास आणि औषधांची बिले लागतात. त्यामुळे माझा सल्ला असा की सहाच काय, साठ पाने झाली तरी चालतील, काहीही वगळू नका. रुग्णाच्या घरच्यांचे आर्थिक नुकसान होऊ नये एवढीच कळकळ.

निवासी_नागपूर

दादा, तुमची कळकळ समजते. विम्यासाठी लागणारा कागद वेगळा आहे. तो आमचा बिलिंग विभाग संपूर्ण केसपेपरसह देतो आणि तो या रुग्णालाही मिळेल. मी विचारतो आहे तो कागद पुढे उपचार करणाऱ्या डॉक्टरांसाठी आहे.

नरखेडच्या सरांनी सांगितल्याप्रमाणे चार्ट उलटून बसलो होतो, त्यात चार तास गेले. सध्या पाच औषधे चालू आहेत. प्रोप्रानोलॉल २० मिलिग्रॅम दिवसातून तीनदा. हे नवव्या दिवशी सुरू झाले, तेव्हा नाडी १३८ आणि रक्तदाब १८६/११० होता. पॅन्टोप्राझोल चौथ्या दिवसापासून, म्हणजे व्हेंटिलेटरवर घेतले त्या दिवसापासून. गॅबापेन्टिन ३०० मिलिग्रॅम तीनदा, पाठीतल्या आणि पायांतल्या वेदनांसाठी, विसाव्या दिवसापासून. अ‍ॅपिक्साबान ५ मिलिग्रॅम दोनदा, बावन्नाव्या दिवसापासून. त्याआधी अडतिसाव्या दिवसापासून गुठळीसाठी हेपॅरिनची इंजेक्शने होती. आणि झोपेची एक गोळी, जी आयसीयूतल्या एका रात्री सुरू झाली आणि जिच्यासाठी मला चार्टमध्ये कारणच सापडले नाही.

यादी करताना एक गोष्ट दिसली ती प्रामाणिकपणे सांगतो. फिजिओथेरपिस्टच्या नोंदीत गेले दहा दिवस ‘बसवल्यावर चक्कर’ असे लिहिले आहे. ते वाचून मी आज स्वतः रक्तदाब मोजला. निजलेला असताना १२६/७८, बसवल्यावर तीन मिनिटांनी ९६/६०. नाडी ६८ वरून फक्त ७२ झाली. प्रोप्रानोलॉल नवव्या दिवसापासून आजतागायत रोज पुढे उतरवले जात आहे आणि ते उतरवणाऱ्यांत मीही आहे.

शुभदा_मानेवाडा

मी डॉक्टर नाही, पण हे वाचून राहवले नाही. माझ्या आईला मेंदूत रक्तस्राव झाला होता आणि ती अडीच महिने एका रुग्णालयात होती. घरी येताना एकोणीस पानांचे डिस्चार्ज कार्ड मिळाले. आमच्या घराजवळच्या डॉक्टरांनी शेवटचे पान पाहिले, तिथली औषधे तशीच लिहून दिली आणि आम्ही ती देत राहिलो. त्यात फिट येऊ नये म्हणून लेव्हेटिरासिटॅम होते. आईला फिट कधीच आली नव्हती. ती गोळी दोन वर्षे चालली. त्या दोन वर्षांत आई इतकी चिडचिडी झाली होती की तिच्या स्वभावात आजारानेच फरक पडला असे आम्ही धरून चाललो. पुढे एका न्यूरॉलॉजिस्टने विचारले की ही गोळी कशासाठी, आणि आमच्यापैकी कोणालाही उत्तर देता आले नाही. त्यांनी ती हळूहळू बंद केली आणि महिनाभरात आई बरीचशी पूर्वीसारखी झाली.

त्या घराजवळच्या डॉक्टरांना मी दोष देत नाही. मोठ्या रुग्णालयाने सुरू केलेली मेंदूची गोळी कारण माहीत नसताना बंद करण्याचे धाडस ते कसे करणार? म्हणून डॉक्टरसाहेब, तुम्ही प्रत्येक गोळीपुढे कारण लिहाच, आणि जमल्यास घरच्यांसाठी तेच मराठीत एका पानावर द्या.

औषधवाला_सक्करदरा

माझे औषधांचे दुकान आहे आणि असे कागद मी रोज पाहतो. माझ्या अनुभवाने सांगतो की आयसीयूत सुरू झालेली औषधे ही आयसीयूतल्या परिस्थितीसाठी असतात, त्यामुळे घरी जाताना ती सरसकट बंद करावीत. पॅन्टोप्राझोल तर नक्कीच, ते व्हेंटिलेटरवरच्या रुग्णाच्या जठरात रक्तस्राव होऊ नये म्हणून असते. प्रोप्रानोलॉल आजच थांबवा, रक्तदाब इतका पडतो आहे म्हटल्यावर विचार कसला? आणि अ‍ॅपिक्साबानचा कोर्स तीन महिन्यांचा असतो. बावन्नाव्या दिवसापासून मोजले तर अजून पन्नास दिवस उरतात, तेवढ्या गोळ्या एकदम लिहून द्या म्हणजे काटोलला धावपळ नको.

नरखेड_दवाखाना

दुकानदार भाऊंचे पॅन्टोप्राझोलबद्दलचे म्हणणे बरोबर आहे. या रुग्णाला अल्सरचा इतिहास नसेल, आणि वेदनांसाठी कोणी डायक्लोफिनॅकसारखे औषध देणार नसेल, तर ते थांबवता येईल. झोपेच्या गोळीलाही कारण सापडत नसेल तर ती इथेच, वॉर्डातच कमी करत बंद करा. स्नायू अशक्त असलेल्या माणसाला रात्री झोपेचे औषध द्यायचे आणि श्वासाची चिंता करायची, हे दोन्ही एकत्र चालत नाही.

पण प्रोप्रानोलॉल एकदम थांबवू नका. ऐंशी दिवस ते हृदयावर बसलेले आहे. एकाएकी काढले तर नाडी आणि रक्तदाब उसळी मारू शकतात, आणि या रुग्णाच्या तर नाडी-रक्तदाब सांभाळणाऱ्या मज्जातंतूंचे नियंत्रण अजून पूर्ण परतलेले नाही. आठ-दहा दिवसांत टप्प्याटप्प्याने कमी करा. माझी विनंती अशी की ही सुरुवात आज, तुमच्या वॉर्डात करा. दिवसातून चारदा नाडी पाहणारी सिस्टर तुमच्याकडे आहे. काटोलच्या डॉक्टरांकडे ती सोय नाही, आणि मे महिन्याच्या उन्हात, घाम जाऊन शरीरातले पाणी कमी झालेल्या माणसाला ही गोळी पाठवली तर तो पहिल्याच आठवड्यात बसवताना कोसळेल.

एक सावधगिरी मात्र बाळगा. बसल्यावर रक्तदाब पडतो तो गोळीमुळेच असे गृहीत धरू नका. बसल्यावर एरवी नाडी वाढून भरपाई करते, ती गोळीने दाबलेली असेल किंवा मज्जातंतूच अजून हुकूम पोहोचवत नसतील. दोन्हीही असू शकते. गोळी निघाल्यावरच ते कळेल, म्हणून सारांशात ‘गोळीमुळे’ असे न लिहिता, किती डोस असताना किती आकडा होता ते लिहा.

आता अ‍ॅपिक्साबान. इथे भाऊंची मोजणी चुकते आहे. तीन महिने हे गोळी सुरू झाल्यापासून मोजायचे नसतात, गुठळीवरचा उपचार सुरू झाल्यापासून मोजायचे असतात, आणि तो अडतिसाव्या दिवशी हेपॅरिनने सुरू झाला. म्हणजे नव्वद दिवस धरले तर एकशे अठ्ठाविसावा दिवस येतो, घरी गेल्यापासून साधारण पाच आठवडे. आणि ती तारीख आली म्हणून गोळी बंद, असेही नाही. ही गुठळी अंथरुणाला खिळल्यामुळे झाली. त्या तारखेला हा माणूस चालू लागलेला असेल तर कारण संपले. तो तेव्हाही खाटेवरच असेल तर कारण जसेच्या तसे आहे. त्यामुळे कागदावर ‘तीन महिने’ असे लिहू नका. ‘अमुक तारखेला निर्णय घ्यावा, तेव्हा रुग्ण चालतो की नाही यावर तो अवलंबून आहे, निर्णय अमुक डॉक्टर घेतील’ असे लिहा. निर्णय घेणाऱ्याचे नाव नसेल तर काटोलचे डॉक्टर समजतील की नागपूरवाले ठरवतील, आणि नागपूरवाले समजतील की काटोलला ठरले असेल.

सिस्टर_मंदा

मी आयसीयूत चौदा वर्षे काम करते. शय्याव्रणाबद्दल कोणी बोलले नाही म्हणून लिहिते. डॉक्टर लोक ‘जखम भरत आहे’ एवढेच लिहितात. कृपया लांबी-रुंदी सेंटिमीटरमध्ये, खोली, तळाशी रंग कोणता आणि मापाची तारीख लिहा. सध्या कोणती पट्टी लावतो आणि किती दिवसांनी बदलतो तेही लिहा. घरी गेल्यावर कोणीतरी सांगते की जखम उघडी ठेवा, वारा लागू द्या, आणि दीड महिन्याची मेहनत आठ दिवसांत जाते. वजनही लिहा. आमच्याकडे दाखल होतानाचे वजन प्रत्येक कागदावर पुढे चालत राहते, आणि रुग्ण प्रत्यक्षात वाळून अर्धा झालेला असतो.

निवासी_नागपूर

सिस्टर, तुमचे म्हणणे वाचून आज वजन केले. ६२ किलोवरून ४८ किलो झाले आहे आणि चार्टवर अजून ६२ च आहे. शय्याव्रण ३ गुणिले २ सेंटिमीटर, उथळ, तळाशी लाल. महिन्यापूर्वी तो ६ गुणिले ४ होता.

आमच्या सरांशी बोलून प्रोप्रानोलॉल आज १० मिलिग्रॅम तीनदा केले. झोपेची गोळी कमी करायला घेतली.

सुधारलेल्या मसुद्याचा मूत्रपिंडांबद्दलचा भाग इथे देतो, कारण तिथे मला समाधान वाटते आहे : ‘कोलिस्टिनच्या काळात क्रिएटिनिन ०.९ वरून २.३ पर्यंत गेले, औषध थांबवल्यावर उतरत गेले, आज ०.८. मूत्रपिंडांचे कार्य पूर्ववत झाले आहे.’

नरखेड_दवाखाना

शेवटचे वाक्य काढून टाका. याच एका वाक्याने पुढे घात होऊ शकतो.

क्रिएटिनिन स्नायूंतून येते आणि मूत्रपिंडे ते बाहेर टाकतात. या माणसाचे चौदा किलो वजन गेले आहे आणि त्यात बराचसा स्नायू आहे. शिवाय तीन महिने हातपाय हललेले नाहीत. जेवढे क्रिएटिनिन आधी रोज तयार होत होते तेवढे आता होतच नाही. त्यामुळे मूत्रपिंडे अर्ध्या ताकदीने चालत असली तरी आकडा ०.८ दिसू शकतो. दाखल होतानाचे ०.९ ६२ किलोच्या कसदार शेतकऱ्याचे होते आणि आजचे ०.८ ४८ किलोच्या वाळलेल्या माणसाचे आहे, म्हणून या दोन आकड्यांची तुलनाच होत नाही. शंका असेल तर सिस्टॅटिन-सी तपासून घ्या, ते स्नायूंवर इतके अवलंबून नसते. नाहीतर निदान एवढे लिहा की स्नायू घटल्यामुळे हा आकडा फसवा असू शकतो आणि मूत्रपिंडांना त्रास देणारी वेदनाशामके टाळावीत. गॅबापेन्टिन मूत्रपिंडांवाटेच बाहेर जाते. रुग्ण घरी दिवसभर गुंगीत असल्याचे घरचे सांगू लागले तर काटोलच्या डॉक्टरांना पहिला संशय त्याचाच आला पाहिजे, आणि ‘पूर्ववत’ हा शब्द वाचला असेल तर तो येणार नाही.

आणखी एक. गळ्यातली नळी निघाल्याबद्दल तुम्ही काय लिहिले आहे?

निवासी_नागपूर

‘ऐंशीव्या दिवशी नळी काढली, छिद्र बंद होत आले आहे, श्वासाला त्रास नाही’ एवढेच. तारखा घालणार आहे. सिस्टॅटिन-सीचा नमुना उद्या पाठवतो.

नरखेड_दवाखाना

त्यात दोन वाक्ये वाढवा. अकरा दिवस तोंडातून नळी आणि मग पासष्ट दिवस गळ्यातली नळी, म्हणजे श्वासनलिकेच्या आतल्या बाजूला भरपूर घासले गेले आहे. काही रुग्णांमध्ये ती जागा भरताना आकसते आणि हे नळी काढल्यानंतर काही आठवड्यांनी, कधी काही महिन्यांनी, लक्षात येते. रुग्ण सांगतो की हालचाल केली की दम लागतो, छातीत आवाज येतो. माझ्यासारखा डॉक्टर स्टेथोस्कोप लावतो, शिट्टीसारखा आवाज ऐकतो, दमा समजून इनहेलर देतो, आणि ते लागू पडत नाही म्हणून डोस वाढवतो. फरक कानाने ओळखता येतो. दम्याचा आवाज बहुधा श्वास सोडताना आणि छातीभर ऐकू येतो. इथला आवाज श्वास घेताना येतो आणि गळ्यावर जास्त मोठा ऐकू येतो. म्हणून असे लिहा : श्वास घेताना आवाज येऊ लागला तर दमा समजून औषधे वाढवत न बसता कान-नाक-घसा तज्ज्ञांकडून दुर्बिणीने तपासून घ्यावे. माझ्याकडे असा एक रुग्ण आला होता आणि मी दोन महिने इनहेलर दिले होते. त्याच्या कागदावर गळ्यातल्या नळीचा उल्लेख चौथ्या पानावर होता.

भूल_विभाग

मी भूलतज्ज्ञ आहे. एक इशारा सारांशाच्या पहिल्या पानावर, चौकटीत लिहावा अशी विनंती करते : या रुग्णाला भूल देताना सक्सिनिलकोलीन हे स्नायू शिथिल करणारे औषध देऊ नये. मज्जातंतूंशी संबंध तुटलेल्या स्नायूंवर हे औषध पडले की रक्तातले पोटॅशियम एकदम वाढते आणि हृदय थांबू शकते. तुम्ही म्हणाल की काटोलचे डॉक्टर हे औषध देणारच नाहीत. खरे आहे, पण उद्या हा माणूस पडला, मांडीचे हाड मोडले आणि रात्री जवळच्या कोणत्या तरी रुग्णालयात गेला, तर तिथल्या भूलतज्ज्ञाच्या हातात घरच्यांनी ठेवलेला हाच कागद येईल.

किती दिवसांपर्यंत टाळायचे असे विचाराल तर ठराविक मुदत सांगता येत नाही. शक्ती बरीच परतल्यानंतरही धोका राहिल्याच्या नोंदी आहेत. पर्यायी औषधे उपलब्ध असताना मुदत घालण्याची गरजही नाही, म्हणून मी तरी ‘कायम’ असे लिहीन.

नरखेड_दवाखाना

मॅडम, इशारा हवाच, पण ‘कायम’ शब्दाबद्दल माझे मत वेगळे आहे. ‘कायम’ लिहिलेल्या गोष्टी लोक अ‍ॅलर्जी समजू लागतात आणि पुढच्या कागदांवर ‘भुलेच्या औषधाची अ‍ॅलर्जी’ असे उतरते. कारणासह लिहिले तर पुढचा भूलतज्ज्ञ स्वतः ठरवेल.

भूल_विभाग

कारणासह लिहावे हे मान्य. मुदतीबाबत मी माझ्या मतावर ठाम आहे.

शुभदा_मानेवाडा

एक शंका विचारू का? इतके सगळे इंग्रजी कागदावर असेल तर घरी रोज गोळ्या देणाऱ्या बाईला काय कळणार? बसल्यावर चक्कर आली तर गोळी द्यायची की नाही, हे सकाळी सात वाजता तिलाच ठरवायचे असते.

निवासी_नागपूर

ताई, तुमची सूचना घेतली. मराठीत एक पान वेगळे केले आहे आणि ते रुग्णाच्या पत्नीला समोर बसवून वाचून दाखवले. त्यात एका श्वासात अंक मोजायला लावणेही घातले, दर रविवारी सकाळी, आणि आकडा कॅलेंडरवर लिहायचा. ‘ते तर आमचे नातूच करून घेतील’, असे त्या म्हणाल्या.

आता डॉक्टरांच्या कागदाची रचना सांगतो. पावणेदोन पाने झाली. वर चौकटीत सक्सिनिलकोलीनचा इशारा कारणासह. ‘कायम’ हा शब्द ठेवायचा की नाही ते आमच्या सरांवर सोडले आहे. मग आजची स्थिती : वजन ४८ किलो, एका श्वासात २३ पर्यंत मोजतात, खांदे पाचपैकी ४, मनगटे ३, मांड्या ३, घोटे २, दोन्ही बाजूंना सारखे, आधाराने ४० मिनिटे बसतात. मग औषधे, प्रत्येकापुढे कारण, सुरुवातीची तारीख आणि पुढचा निर्णय कोणाचा ते. मग गळ्याची नळी, मूत्रपिंडे, गुठळी आणि शय्याव्रण यांवर एकेक परिच्छेद. फुप्फुसातल्या संसर्गाच्या तीन परिच्छेदांचे एक वाक्य केले, मात्र त्यात जंतूचे नाव आणि तो कोणत्या औषधांना दाद देत नव्हता ते ठेवले, म्हणजे पुढे ताप आला तर काटोलला तीच औषधे पुन्हा सुरू होणार नाहीत. तीन महिन्यांची दिवसवार हकिकत शेवटी पाच ओळींत आली. सिस्टॅटिन-सीवरून मूत्रपिंडांचे कार्य क्रिएटिनिन दाखवते त्यापेक्षा बरेच कमी निघाले, त्यामुळे ‘पूर्ववत’ हा शब्द गेला आणि गॅबापेन्टिन रात्रीच्या एका गोळीवर आणले.

नरखेड_दवाखाना

छान. आता कागद पाठवण्याआधी काटोलच्या डॉक्टरांना फोन करा आणि त्यांना काय विचारायचे आहे ते ऐका. कागदात काय नाही ते त्यांनाच दिसेल.

निवासी_नागपूर

काल फोन केला. त्यांनी अर्धा तास दिला. पहिलाच प्रश्न असा होता : लघवीची नळी आहे की काढली, आणि काढली असेल तर लघवी पूर्ण होते का? मी ते लिहिलेच नव्हते. नळी सत्तराव्या दिवशी काढली होती, पण लघवी झाल्यावर मूत्राशयात किती उरते हे आम्ही पुन्हा पाहिले नव्हते. आज सोनोग्राफीत १४० मिलिलिटर उरलेले दिसले. युरॉलॉजीचे मत मागवले आहे आणि तो आकडा कागदात घातला.

अ‍ॅपिक्साबानबद्दल ते म्हणाले की त्या तारखेला रुग्ण चालत नसेल तर गोळी थांबवण्याची जबाबदारी ते एकटे घेणार नाहीत. निर्णयाआधी डॉप्लर पुन्हा करावा असा त्यांचा आग्रह आहे. आमच्या सरांना त्याची गरज वाटत नाही, कारण त्यांच्या मते निर्णय चालण्यावर ठरेल, शिरेच्या चित्रावर नाही. यावर एकमत झाले नाही. कागदावर तूर्त दोघांचीही नावे आणि दोघांचेही फोन क्रमांक आहेत, आणि त्या तारखेच्या आठवडाभर आधी दोघांनी बोलायचे ठरले आहे.

प्रोप्रानोलॉल १० मिलिग्रॅम दोनदा आहे. आज सकाळी निजून १२८/८०, बसून १०८/६८, नाडी ७४ वरून ८८. चक्कर आली नाही. उरलेला डोस गुरुवारी, ते वॉर्डात असतानाच बंद होईल.

नरखेड_दवाखाना

नाडी चौदाने वाढली म्हणजे गोळीचा वाटा होताच. तरी वीस अंकांची घसरण अजून आहे, ती मज्जातंतूंची दिसते. काटोलच्या डॉक्टरांना सांगा की पहिल्या दोन आठवड्यांत दर भेटीला निजून आणि बसून असे दोन्ही रक्तदाब घ्यावेत, आणि दुपारी खोलीत कूलर लावलेला असेल तरी पाणी कमी पडू देऊ नये.